तिसरीतल्या मुलाचा दम्याचा पंप शाळेत कसा ठेवावा? बाईंना द्यायच्या पत्राचा नमुना हवा आहे

कराडची_आई
नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा असून त्याला बालदमा आहे. सकाळ-रात्रीचा नेहमीचा पंप मी घरीच देते, त्यामुळे त्याबद्दल अडचण नाही. अचानक दम लागल्यास द्यायचा निळा पंप मात्र शाळेतही असला पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की शाळेमागच्या शेतांत पाचट पेटवतात आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलांची क्रीडास्पर्धांसाठी पळण्याची तयारी चालते. गेल्या हंगामात दोन्ही एकाच दिवशी आले आणि मला काम टाकून शाळेत पोहोचावे लागले. शाळेचे म्हणणे असे आहे की, पालकांनी लेखी दिल्याशिवाय बाई कोणत्याही औषधाला हात लावणार नाहीत. तर पत्रात काय लिहावे, पंप कोणाकडे ठेवावा आणि पाचशे रुपयांच्या आत शाळेसाठी वेगळा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचे प्लास्टिकचे नळकांडे, कोणता घ्यावा, हे कृपया सांगा.

तासगावकर_बाबा
ताई, स्पेसरमध्ये पैसे वाचवू नका. आम्ही मुलीसाठी पुण्याहून परदेशी बनावटीचा स्पेसर आणला, त्याला दोन हजारांच्या वर पैसे पडले, पण चार वर्षे झाली तरी तो नव्यासारखा आहे. स्वस्तातले प्लास्टिक पुढे त्रास देते, असा आमचा अनुभव आहे.

मिरजेचे_आजोबा
मुलांना इतक्या लहान वयात पंपाची सवय लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या काळी आल्याचा रस आणि मध देत असत व छाती मोकळी होत असे. पंप एकदा लागला की सुटत नाही. माझ्या नातवालाही पंप दिला होता, पण सुनेने तो बंद करून गोळ्या सुरू केल्या आणि आता तो बरा आहे.

सांगलीचा_औषधवाला
आजोबा, आपल्याविषयी आदर ठेवून सांगतो, पंपाची सवय लागत नाही. आजार आहे तोवर औषध लागते, एवढेच. गोळी पोटातून रक्तात आणि तिथून छातीत जायला वेळ घेते, तर पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत उतरून काही मिनिटांत काम करते, आणि तेही गोळीच्या कितीतरी कमी मात्रेत. मात्र निळा पंप वरचेवर लागू लागला, तर घरचा नेहमीचा पंप पुरा पडत नाही किंवा नीट घेतला जात नाही असे समजून डॉक्टरांकडे गेले पाहिजे. ही काळजी रास्त आहे.

ताई, आता आपल्या प्रश्नाकडे येतो. मी दुकानात रोज स्पेसर विकतो आणि पाचशेच्या आत चांगला स्पेसर मिळतो. आत झडप आहे ना, मागच्या भोकात आपला पंप घट्ट बसतो ना, एवढे दुकानातच पाहून घ्यावे. आठ वर्षांच्या मुलाला मास्क लागत नाही, तोंडात धरायची नळी पुरते. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता तसाच वाळू द्यावा, कारण फडक्याने घासला की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून राहते. दोन हजारांच्या स्पेसरलाही फडके मारले तर तेच होते.

फलटण_पालक
आम्ही तर पंपाच्या भानगडीतच पडलो नाही, कॅप्सूल फोडून ओढायचे यंत्र घेतले. ते स्वस्त आहे, खिशात मावते आणि स्पेसरही लागत नाही. माझा मुलगा चौथीपासून ते स्वतः वापरतो. कराडच्या ताईंनीही तेच घ्यावे.

सांगलीचा_औषधवाला
तुमचा मुलगा ते वापरतो याचा आनंद आहे, आणि रोजच्या औषधासाठी मोठ्या मुलांना ते चालते. पण त्यातली पूड मुलाने स्वतः जोराने ओढली तरच आत जाते. दम लागलेल्या आठ वर्षांच्या मुलामध्ये तेवढा जोर राहत नाही. शिवाय पावसाळी हवेत कॅप्सूल सर्दावते, आणि घाबरलेल्या मुलाने ती गिळल्याचेही मी ऐकले आहे. शाळेतल्या आणीबाणीसाठी फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर हीच जोडी योग्य ठरते.

वाईच्या_बाई
मी प्राथमिक शिक्षिका आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. आम्हाला औषध द्यायची भीती वाटते ती जबाबदारीपेक्षाही अंदाज न येण्याची वाटते. पालक लिहून देतात, ‘त्रास झाल्यास पंप द्यावा’. आता त्रास म्हणजे काय, एक फवारा की पाच, आणि दिल्यावरही मूल धापाच टाकत असेल तर पुढे काय करावे? चाळीस मुलांच्या वर्गात उभे राहून हे ठरवता येत नाही. पत्रात हे स्पष्ट असेल तर बहुतेक शिक्षक मदत करतात.

दुसरे असे की, पंप कार्यालयाच्या कपाटात ठेवू देऊ नका. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे औषधे कुलपात ठेवण्याचा नियम होता, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत किल्ली असलेले कारकून आलेले नव्हते. मुलीचे ओठ फिके पडेपर्यंत आम्ही कुलूप तोडत होतो. पंप वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात, कुलूप न लावता ठेवावा. आणि दम लागलेल्या मुलाला ‘जा, बाईंकडून पंप घेऊन ये’ म्हणून एकट्याने कधीही पाठवू नये. पंप मुलाकडे आणावा.

तासगावकर_बाबा
आमच्या मुलीचाही पंप बाईंकडेच असतो आणि उत्तम चालले आहे. पंपात औषध उरले आहे की नाही हे पाहण्यासाठी मात्र तो पाण्यात टाकून बघावा. तरंगला की संपला, बुडाला की भरलेला आहे.

विट्याची_मावशी
माझा वेगळा प्रश्न आहे. मुलीला अँटिबायोटिकचे पातळ औषध दिवसातून तीन वेळा दिले आहे. दुपारचा डोस शाळेत द्यायला बाई नाही म्हणतात. त्यासाठीही असेच पत्र चालेल का?

सांगलीचा_औषधवाला
बाबा, पाण्यात तरंगवण्याची रीत पुष्कळांना माहीत आहे, पण ती भरवशाची नाही आणि पाण्याने तोटी चोंदते. या पंपात साधारणपणे 200 फवारे असतात. औषध संपल्यानंतरही आतला वायू काही काळ फुसफुसत राहतो, त्यामुळे फवारा दिसतो पण त्यात औषध नसते. आमच्या दुकानात एक पालक असा रिकामा पंप घेऊन आले होते. शाळेत मुलाला त्यातून फवाऱ्यावर फवारे दिले गेले आणि काहीच फरक पडला नाही. म्हणून आकडा दाखवणारा पंप मागावा. तो नसेल तर दिलेले फवारे शाळेच्या वहीत लिहून त्यांचा हिशेब ठेवावा.

मावशी, तीन वेळचे औषध बहुधा शाळेत न्यावेच लागत नाही. शाळेत जाताना, घरी आल्यावर आणि झोपताना असे बसते का, किंवा दोनच वेळचे औषध देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पाणी घालून तयार केलेली काही पातळ औषधे फ्रीजमध्येच ठेवावी लागतात आणि दप्तरात ती टिकत नाहीत.

ताई, पत्राचा नमुना देतो. आकडे माझ्या भाच्याला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावरून घेतले आहेत. तुमच्या डॉक्टरांना दाखवून, हवे तर बदलून, त्यांची सही घ्या.

> प्रति,
> मा. वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी
> मार्फत : मा. मुख्याध्यापक
>
> विषय : माझ्या मुलास दम लागल्यास पंप देण्यास संमती
>
> महोदया,
>
> माझा मुलगा कु. ________ यास बालदमा आहे. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेला साल्ब्युटामॉलचा निळा पंप व स्पेसर आपल्याकडे देत आहे. पंपाची मुदत ________ पर्यंत आहे.
>
> त्याला सतत खोकला येऊ लागला, छाती घरघरू लागली, तो छातीत आवळते असे म्हणाला किंवा खेळताना मध्येच थांबून धापा टाकू लागला, तर त्याला आडवे न करता ताठ बसवावे. पंप हलवून स्पेसरला लावावा, एक फवारा सोडावा आणि त्याला नळीतून सावकाश चार ते सहा श्वास घेऊ द्यावेत. असे एकामागून एक चार फवारे द्यावेत आणि चार मिनिटे थांबावे. फरक न पडल्यास पुन्हा चार फवारे द्यावेत.
>
> तरीही फरक न पडल्यास, किंवा सुरुवातीलाच त्याला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल अथवा ओठ निळसर दिसत असतील, तर माझी वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे देत राहावे. त्यानंतर मला ________ या क्रमांकावर कळवावे.
>
> पंप दिल्याची वेळ व फवाऱ्यांची संख्या कृपया वहीत लिहावी. मला विचारल्याशिवाय त्याला वेदनाशामक किंवा अन्य कोणतेही औषध देऊ नये. वरीलप्रमाणे पंप देण्यास माझी पूर्ण संमती आहे. ही संमती चालू शैक्षणिक वर्षापुरती आहे.
>
> आपली विश्वासू,
> पालकाची सही, दिनांक
> डॉक्टरांची सही व शिक्का

फवारे एकेक करूनच द्यायचे असतात. चारही फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडले तर बरेच औषध आतच चिकटून वाया जाते. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी दोन फवारे हवेत सोडावेत. हे काम दर सोमवारी घरी करून पाठवता येईल.

मिरजेचे_आजोबा
आठ फवारे? एवढ्या औषधाने मुलाचे हृदय धडधडणार नाही का?

सांगलीचा_औषधवाला
धडधडते, आजोबा, आणि हातही थोडे थरथरतात. थोड्या वेळाने ते आपोआप शांत होते. त्या क्षणी खरा धोका बंद होत चाललेल्या श्वासाचा असतो.

वाईच्या_बाई
पत्र उत्तम आहे. असे पत्र माझ्या हातात आले असते तर मी निर्धास्त झाले असते. यात एक भर घाला. पत्र देताना दहा मिनिटे बसून बाईंना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा, आणि कवायतीच्या सरांनाही एक प्रत द्या, कारण दम बहुधा मैदानावरच लागतो. सहलीला जाताना पंप कोणाच्या पिशवीत असेल, हेही आधीच ठरवा. उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये तो ठेवू नये.

फलटण_पालक
मीही तेच सांगत होतो, पंप बाईंकडेच ठेवावा. मुलांच्या हाती दिला तर ती खेळण्यात एकमेकांच्या तोंडात फवारे मारतात.

कराडची_आई
सर्वांचे मनापासून आभार. पत्र डॉक्टरांना दाखवले. त्यांनी चार-चार फवारे कायम ठेवले आणि पळण्याच्या सरावाआधी पंधरा मिनिटे दोन फवारे द्यावेत, अशी ओळ स्वतःच्या अक्षरात वाढवून सही केली. स्पेसर साडेतीनशेत मिळाला.

पंप बाईंकडे ठेवावा असे येथे बहुतेकांचे मत पडले, तरी मी तो मुलाच्या कमरेच्या पिशवीत ठेवणार आहे. त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे, मैदान रस्त्यापलीकडे आहे, आणि चौथ्या तासाला वर्गावर दुसऱ्याच बाई असतात. स्पेसर त्या पिशवीत मावतो, हे पाहूनच पिशवी घेतली. पत्रात ‘आपल्याकडे देत आहे’ऐवजी ‘त्याच्या कमरेच्या पिशवीत आहे’ असे लिहिले. वर्गबाईंना ते फारसे पटले नाही, पण त्यांनी प्रत घेतली आणि स्वतः एकदा फवारा सोडून पाहिला.

सांगलीचा_औषधवाला
ताई, निर्णय तुमचा आहे, पण आठ वर्षांचे मूल धाप लागल्यावर पंप काढायलाच घाबरते, असे मी पाहिले आहे. जमल्यास दुसरा पंप खणात ठेवा.

कराडची_आई
दुसरा पंप पुढच्या पगाराला घेईन. तोवर त्याच्या बाकावरच्या मित्राला पिशवी कशी उघडायची हे दाखवून ठेवले आहे.