मदत हवी आहे: फेसबुक कायमचं काढायचंय, पण इन्स्टाग्रामला धक्का नको

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, महाल भागात राहते. आईच्या सांडगी मिरचीच्या ऑर्डरी इन्स्टाग्रामवर येतात, ते खातं मला जिवापाड जपायचंय. जुनं फेसबुक मात्र डिलीट करायचंय. दोन्ही एकाच Accounts Center मध्ये जोडलेली आहेत.

एक खातं डिलीट केलं म्हणून दुसरं जात नाही, हे कळलं. माझी अडचण लॉगिनची आहे. इन्स्टाग्राम मी कायम फेसबुकवरूनच उघडत आले, त्याचा स्वतःचा पासवर्ड कधी ठेवलाच नाही. काल पाहिलं तर ईमेलही कॉलेजच्या काळातला, बंद पडलेला! म्हणून आधी ईमेल आणि नंबर बदलले, मग "पासवर्ड विसरलात" वरून नवा पासवर्ड घेतला. आता आईच्या फोनवर नुसत्या त्या पासवर्डने खातं उघडून बघणार. उघडलं तरच Accounts Center मधल्या Accounts मध्ये जाऊन फेसबुक तिथून Remove करणार. त्यानंतर एका खात्यावरून दुसऱ्यात शिरणं आणि एकदम दोन्हीकडे पोस्ट टाकणं बंद होईल, ते चालेल.

मग फेसबुक डिलीट. तिथे 30 दिवसांत लॉगिन करून रद्द करता येतं. मेसेंजरही जाईल.

पण आमचं फेसबुक पेजही आहे आणि ॲडमिन मी एकटीच. माझ्यासोबत तेही जाईल, म्हणून भावाला आधी पूर्ण ताबा द्यायचा विचार आहे. इन्स्टाग्राम त्या पेजलाही जोडलेलं आहे. ती जोडणी वेगळी तोडावी, की भावाकडे तशीच राहू द्यावी? कुणी केलं असेल तर क्रम सांगा, प्लीज.