प्रतिसाद: ‘अनलिमिटेड’ प्लॅन आणि बिलातली मर्यादा

> "विकताना १०० एमबीपीएस अनलिमिटेड म्हणाले, बिलात ५०० जीबीनंतर २ एमबीपीएस लिहिलंय. ही फसवणूक नाही का?"

‘अनलिमिटेड’ म्हणजे लाईन बंद होणार नाही, एवढंच कंपनी धरते. वेगाची हमी त्यात नसते. विकताना हे सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

हिशोब करून बघा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण १२.५ एमबी, कारण आठ बिट्सचा एक बाइट. या वेगाने सलग डाउनलोड केलं तर ५०० जीबी अकरा तासांत संपतात. म्हणजे जाहिरातीतला वेग महिनाभरात जेमतेम अकरा तास पुरेल एवढाच. त्यानंतर २ एमबीपीएसवर १ जीबीची फाइल उतरायला तासाहून जास्त वेळ लागतो.

बिलात वापराचा आकडा बघताना अपलोडही त्यात धरलंय का ते तपासा. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बराच कोटा खातो. शिवाय मोजणी बिलिंग सायकलप्रमाणे होते, ती एक तारखेलाच सुरू होते असं नाही.

वेग कंपनीनेच कमी केलाय का, हे ओळखायला केबल लावून पहाटे आणि रात्री स्पीड टेस्ट घ्या. दोन्ही वेळा आकडा २ च्या आसपासच अडकला तर मर्यादा लागलेली आहे. फक्त रात्रीच घसरला तर बहुधा लाईनवर गर्दी आहे, आणि कोटा शिल्लक असताना असं होत असेल तर तक्रार वेगळी करावी लागेल. तक्रारीला टेस्टचे स्क्रीनशॉट, त्या दिवसाचा वापराचा आकडा आणि विक्रेत्याचा मूळ मेसेज जोडा.