जस्ट-इन-टाइम राबवायचं तर ईओक्यू सोडून द्यायचा का?

शिकाऊ_ऑपरेशन्स: केसमध्ये वर्षाची मागणी 10,000 नग, दर ऑर्डरचा खर्च 500, एक नग वर्षभर ठेवायचा खर्च 10. ईओक्यू, म्हणजे एकूण खर्च सर्वांत कमी ठेवणारा ऑर्डरचा आकार, 1,000 आला. पुढे विचारलंय, 'जस्ट-इन-टाइम राबवा', म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल आणा. मग थेट 100-100 नग मागवायचे, बरोबर ना?

लेथवाला: तसं केलंत तर बुडाल. वर्षाला 100 ऑर्डरी म्हणजे ऑर्डरखर्चच 50,000, वर साठवणीचे 500. 1,000 च्या लॉटला दोन्ही मिळून 10,000 लागत होते.

लॉटला हात लावण्याआधी तो 500 चा आकडा फोडा. Q = √(2DS/H) मध्ये D वर्षाची मागणी, H एक नग वर्षभर ठेवायचा खर्च आणि S दर ऑर्डरचा किंवा सेटअपचा खर्च. S 500 वरून 5 वर आला, की लॉट आपोआप 100 होतो आणि एकूण खर्च 1,000. शिगेओ शिंगोंनी टोयोटात 1,000 टनी प्रेसचा सेटअप चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला, तो याच वाटेने. पुढची डाय, बोल्ट, हत्यारं हे सगळं प्रेस चालू असतानाच शेजारी तयार ठेवायचं. प्रेस थांबल्यावर फक्त अदलाबदल. विकत घ्यायच्या मालात हेच काम वार्षिक करार आणि ठरलेल्या फेऱ्या करतात.

शून्यसाठा: म्हणजे ईओक्यू मोडीतच काढा की! 1913 चं सूत्र, मागणी स्थिर धरतं. टोयोटात साठा शून्य असतो.

लेथवाला: स्थिर मागणीचं खरं आहे, पण कानबान, म्हणजे रिकामी पेटी परत आली की तेवढाच माल भरायची टोयोटाची पद्धत, तिलाही सपाट वेळापत्रक लागतंच. साठा मात्र शून्य नसतो. तासाला 40 नग लागतात, पेटी भरून परत यायला 2 तास, 10% जादा धरा: 88 नग. पेटीत 20 मावत असतील तर 5 पेट्या फिरत्या राहतात. त्याहून मोठा खंड पडला की लाइन थांबते. 1 फेब्रुवारी 1997 ला आयसिनच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका छोट्या व्हॉल्व्हपायी काही दिवसांत टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले.

स्पेअर_स्टोअर: आमचे सुटे भाग जहाजाने येतात, सहा आठवडे लागतात. ईओक्यूप्रमाणे मागवूनही मध्येच संपतात. सूत्रच चुकतंय.

लेथवाला: ईओक्यू 'किती' ते सांगतो, 'केव्हा' ते नाही. आठवड्याचा खप 200 असेल, तर हातातला आणि वाटेतला माल मिळून 1,200 अधिक सुरक्षा साठा एवढ्यावर येताच ऑर्डर सोडा.

गुणवत्ता_कक्ष: मला तो साठवणीचा 10 च पटत नाही. डाय चुकीची बसली आणि दोष पुढच्या स्टेशनवर कळला, तर तोवर अख्खा लॉट बिघडलेला असतो. तो खर्च कुठे धरला? 500 चा लॉट घेतला तर खर्च 12,500, फक्त 25% जास्त. एवढ्यासाठी मी लॉट आजच अर्धा करेन.

लेथवाला: 2,500 हा पक्का खर्च आहे, तुमची बचत अंदाज. दोष किती लॉटमध्ये निघतो, ते आधी मोजा.

गुणवत्ता_कक्ष: मोजेपर्यंत लॉट 1,000 चाच ठेवायचा, हे मला मान्य नाही.