मदत हवी आहे: नाथसागरच्या सूर्यास्ताचं साधं चित्र, आभाळाचा मधला रंग मातकट होतोय

पैठणचा_गणेश: धरणावरून काढलेला सूर्यास्ताचा फोटो आहे. त्याचं साधं चित्र करायचंय: आभाळ, सूर्य, पाणी, पलीकडचा काठ, बस. ट्रेस केलं तर आभाळाचे शेकडो तुकडे पडले. मग स्वतः ग्रेडियंट दिला, तर मध्ये घाण रंग येतोय. रविवारी द्यायचंय, लवकर सांगा.

जालनेकर: कशात करताय? अन् द्यायचंय म्हणजे छापायला का स्टेटसला?

पैठणचा_गणेश: इंकस्केप. बहिणीच्या लग्नपत्रिकेवर छापायचंय.

फोटोवाला_नांदेड: फोटोलाच मोठा ब्लर मारा. मी तेच करतो, पाच मिनिटांचं काम.

गोदाकाठ: ब्लरनं काठाचा काळा रंग वर आभाळात झिरपतो. रंग हेरायला ब्लर चालेल, चित्र म्हणून नाही. गणेश, दोन टोकांचे रंग कोणते घेतलेत?

पैठणचा_गणेश: खाली #F28C38, वर #2B4A7A.

गोदाकाठ: मग बरोबर आहे. नारिंगी अन् निळा समोरासमोरचे रंग. दोन्हींची सरासरी काढा, #8E6B59 येतो. हाच तुमचा मातकट रंग. खऱ्या आभाळात नारिंगीवरून निळ्याकडे जाताना मध्ये गुलाबी-जांभळा पट्टा असतो, तुमच्याही फोटोत असेल. ड्रॉपरनं तिथं नुसतं क्लिक करू नका, फोटोतल्या दाण्यांमुळे भलताच रंग येतो. ओढून गोल करा, म्हणजे आतल्या सगळ्या रंगांची सरासरी मिळेल. मग ग्रेडियंटच्या रेषेवर डबल क्लिक करून नवा स्टॉप घाला अन् त्याला तो रंग द्या. मधोमध नको, क्षितिजाकडे ठेवा, कारण नारिंगी थोड्या उंचीतच संपतो अन् निळा वर लांबवर पसरतो.

उदगीरची_मीरा: सूर्य बुडाला की लगेच निघू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा, ढगांना खरा रंग तेव्हा चढतो.

पैठणचा_गणेश: ताई, फोटो झालाय. @गोदाकाठ, #D9828F टाकला, मातकटपणा गेला! पण पीएनजी काढल्यावर वरच्या निळ्यात बारीक पट्टे दिसतात.

फोटोवाला_नांदेड: रिझोल्यूशन वाढवा.

गोदाकाठ: त्यानं पट्टे जाणार नाहीत. समजा निळ्याच्या त्या भागात फक्त 40 छटा आहेत अन् उंची 2000 पिक्सेल, तर एक पट्टा 50 पिक्सेलचा. पिक्सेल दुप्पट केले तर पट्टाही दुप्पट, छटा तेवढ्याच. गिंपमध्ये अगदी हलका नॉइज द्या, कडा विरतात. त्यानंतर जेपीजी करू नका, अन् प्रेसला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. दोन्हीत नॉइज पुसला जातो, पट्टे परत येतात.

जालनेकर: आधी एकच पत्रिका छापून बघा. स्क्रीनवरचा नारिंगी शाईत फिका पडतो. आमच्या पत्रिकेचं तसंच झालं होतं.

पैठणचा_गणेश: उद्या छापून बघतो. सूर्याभोवती उजेडाचं वलय द्यायचं का?

फोटोवाला_नांदेड: द्याच, नाहीतर सूर्य टिकलीसारखा दिसेल.

गोदाकाठ: नको. पाण्यात त्याच रंगाचे दोन-तीन आडवे तुकडे टाका, सूर्य आपोआप तेजस्वी वाटतो.

पैठणचा_गणेश: दोन्ही करून बहिणीला दाखवतो.