मदत हवी आहे: लावणीच्या सवाल-जवाबात एक ओळ अडली

नमस्कार मंडळी. आमच्या फोंडा भागातल्या गावच्या जत्रेत मराठी नाटक होतं, त्यात नाचासाठी मी एक छेडछाडीची लावणी लिहितोय. ठेका आठ मात्रांचा केरवा. इथवर आलोय:

ती: कुठं चालला ऐन दुपारी, बाजाराचा रस्ता सोडुन?
तो: अबोलिचा हा गजरा घेउन, आलो सखये उन्हात तापुन
ती: गजरा ताजा, बहाणा शिळा!

ऱ्हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ दोन, असं मोजलं तर प्रत्येक तुकडा आठ मात्रांचा भरतो. म्हणून 'सोडून'चं 'सोडुन' आणि 'अबोलीचा'चं 'अबोलिचा' केलं.

घोटाळा झीलकऱ्यांच्या ओळीत झाला. मी लिहिलं, 'अगं बाई, खरंच की गं'. 'अगं बाई' सातच मात्रांत संपतं, त्यामुळे सम 'ख'वर न पडता 'रं'वर पडते. तालमीत ढोलकीवाल्यानं तिथं दोनदा हात थांबवला, तेव्हा कळलं. आता 'अग्गं बाई' केलंय. जोडाक्षरामुळे 'अ' दीर्घ होतो, आठ मात्रा भरतात आणि सम 'ख'वर येते. कानाला मला तरी ते जास्त ठसकेबाज वाटतं. गाणाऱ्यांनी सांगावं, म्हणताना ओढल्यासारखं होतं का?

आणि खरी अडचण: 'शिळा'ला त्याचा उलट जवाब सुचत नाहीये. सोळा मात्रा, मध्ये आठवर विसावा, शेवटी 'ळा'. 'गळा' आणि 'लळा' घेऊन पाहिलं, पण चिमटा बसत नाही. समोर घरची सगळी माणसं बसतात, तेव्हा खट्याळ चालेल, चावट नको. कुणाला सुचतंय का?