तळटिपेत पुरावा हवा की गोष्टी?

रेवातीर
सुरतेच्या पहिल्या लुटीवर लेख लिहिलाय. तळटिपा ४७ झाल्या. संपादकांनी "टिपांमधलं विषयांतर काढा, पुरावा आणि साधनांची माहिती ठेवा" असा शेरा मारून परत पाठवला. मला हे पटत नाहीये, कारण वाचकाला काळ जिवंत वाटतो तो टिपांमुळेच. एक नमुना देते, काय काढायचं ते तुम्ही सांगा.

मजकूर: "६ जानेवारी १६६४ रोजी महाराज सुरतेजवळ येऊन उतरले. १० तारखेला निघून जाईपर्यंत शहर लुटलं गेलं, पण इंग्रजांनी आपली वखार राखली."

टीप १४: "वखारीचा अध्यक्ष तेव्हा सर जॉर्ज ऑक्झेंडन होता. वीरजी व्होरा हा सुरतेतला बडा सावकार, इंग्रजही त्याच्याकडून कर्ज घेत. शहराचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज मराठ्यांच्या हाती सापडला होता. ऑक्झेंडनला पुढे कंपनीने सुवर्णपदक दिलं. पाहा: इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी, पुणे, १९३१."

सरळरेघ
संपादकांचं बरोबर आहे. लेखक, ग्रंथ, साल, पान, बस. त्यापलीकडे टिपेत एक शब्द नको. तुमच्या टिपेत पान क्रमांकसुद्धा नाही.

जुनादप्तरी
पान क्रमांकाचं खरं आहे, पण नुसत्या पानाने इथे भागणार नाही.

रेवाताई, तुमच्या मजकुरात तीन दावे आहेत: महाराज कधी आले, किती दिवस राहिले आणि वखार राखली गेली. वाचक "हे कशावरून?" असं विचारत खाली येतो, आणि खालच्या पाच वाक्यांपैकी एकही त्याला उत्तर देत नाही. मी लेख तपासताना छापील प्रत घेतो, वरचे दावे पेन्सिलने अधोरेखित करतो आणि टिपेतल्या प्रत्येक वाक्यापासून त्याच्या दाव्यापर्यंत रेघ ओढतो. ज्या वाक्याला रेघ सापडत नाही ते एकतर वर मजकुरात जातं, नाहीतर जातंच. इनायतखान वर घ्या. शहर उघडं का पडलं हे त्याच्याशिवाय कळत नाही, आणि तुम्ही त्यालाच तळाला ढकललंय.

आता टिपेत काय हवं ते सांगतो. पहिली गोष्ट तारीख. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारीतल्या या पत्रांवर साल १६६३ पडतं आणि छापील संग्रहांत ते १६६३/६४ असं दिसतं. हे न कळल्यामुळे घटना एक वर्ष मागे ढकललेले लेख माझ्याकडे आलेले आहेत. इंग्रज जुन्या कालगणनेने चालत, डच दहा दिवस पुढे असलेल्या नव्या कालगणनेने, म्हणून डचांच्या हिशेबाने हाच दिवस १६ जानेवारी. इंग्रज आणि डच असे दोन्ही संदर्भ एका टिपेत दिले आणि पद्धत लिहिली नाही, तर वाचकाला त्या दोन वेगळ्या घटना वाटतात. पडताळा वाराने घ्या. जुन्या पद्धतीचा ६ आणि नव्या पद्धतीचा १६, दोन्ही बुधवारच येतात. वार जुळला नाही तर कुठेतरी साल किंवा पद्धत चुकलीय असं समजा.

दुसरी गोष्ट, सांगणारा कोण. मी टीप अशी लिहीन:

"तारीख जुन्या पद्धतीची. वखारीचा पाद्री एस्कलियट याचं नॉरिचचे डॉक्टर टॉमस ब्राउन यांना पत्र, २६ जानेवारी १६६३/६४. पत्र खाजगी आहे, कंपनीला पाठवलेला अहवाल नव्हे. एस्कलियट त्या दिवसांत वखारीत होता, त्यामुळे शहरातल्या घटनांपैकी पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती हे वेगळं करावं लागतं. छापील प्रतीवरून, मूळ पाहिलेलं नाही."

यापुढे तुमच्या हातातल्या प्रतीचं पान घाला. आणि हे पत्र तुम्ही जदुनाथ सरकारांच्या ग्रंथातल्या उताऱ्यावरून घेतलं असेल तर नाव सरकारांचं द्या, पत्र स्वतः वाचल्यासारखं दाखवू नका.

चांदणवेल
दप्तरीकाका, तुम्ही पदक काढून टाकलंत आणि तिथेच माझा विरोध आहे. "इंग्रजांनी वखार राखली" हे आपल्याला कोण सांगतं? वखारीतलेच इंग्रज. त्या शौर्यावर ऑक्झेंडनला पदक आणि २०० पौंड मिळाले. बादशहाने लुटीनंतर व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली, आणि इंग्रजांना त्याखेरीज पुढेही जकातीत सूट मिळाली. म्हणजे आपण किती धैर्याने लढलो हे सांगण्यात या लोकांचा फायदा होता. ही माहिती वाचकाला दिली नाही तर त्याने त्या दाव्याचं वजन कसं करायचं? तुम्ही ज्याला विषयांतर म्हणता त्यातच कधीकधी साधनाची खरी परीक्षा असते.

जुनादप्तरी
मान्य. माझी पेन्सिल तिथे चुकली. पण रेवाताईंच्या टिपेत पदक ऑक्झेंडनच्या चरित्रातला एक तपशील म्हणून आलंय. "अहवाल लिहिणाऱ्यांना या बचावाचं बक्षीस मिळालं, तेवढं धरून वाचावं" असं लिहिलंत की तेच पदक पुराव्याच्या बाजूला बसतं.

याच हिशेबाने स्मिथही परत आणला पाहिजे, हे तुमचं वाचताना सुचलं. तो कैदेत असताना मराठ्यांच्या तळावर होता. लोकांचे हात तोडल्याची जी हकीकत एस्कलियट देतो ती स्मिथने पाहिलेली म्हणून देतो. म्हणजे स्मिथ साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळते. टिपेत नेमकं हेच यायला हवं.

माईसोनटक्के
माझं थोडं वेगळं आहे, चालेल ना? आमच्या घराण्याचा इतिहास छापला तेव्हा धाकटे दीर म्हणाले, वहिनी, टिपा फार झाल्या. मी ऐकलं आणि निम्म्या काढल्या. त्यात "हा कागद थोरल्या काकांच्या शिसवी पेटीत, तांबड्या रुमालात" अशीही एक टीप होती. मला ती घरगुती वाटली. पुढे वाटण्या झाल्या, पेटी कुणाकडे गेली कुणालाच आठवेना, आणि तो वतनाचा कागद आता सापडत नाही. पुस्तकात त्याचा नुसता उल्लेख उरला. म्हणून म्हणते, काढताना जपून.

सरळरेघ
माई, ती टीप विषयांतर नव्हतीच, कागद कुठे आहे याची नोंद होती. माझ्या नियमातही ती बसली असती.

चांदणवेल
तुमच्या नियमात लेखक, ग्रंथ, साल आणि पान होतं. पेटी कुठे होती त्यात?

सरळरेघ
बरं, ठिकाण धरा. पण पदक आणि जकात टिपेत आली की उद्या वीरजी व्होराही येणार. हद्द कुठे आखायची?

रेवातीर
काल रात्री बसून १४ ते २० या सात टिपा पेन्सिलने तपासल्या. इनायतखान मजकुरात घेतला आणि परिच्छेद खरंच सुधारला, कारण आता खान किल्ल्यात जातो त्यानंतर शहर लुटलं जातं. व्होराही वर गेला, त्याची हवेली लुटली गेली त्या वाक्यात. तो वर आल्यावर खालच्या कर्जाच्या ओळीची गरजच उरली नाही. सातपैकी दोन टिपांना एकही रेघ निघाली नाही. त्या मी प्रेमाने लिहिल्या होत्या, तरी काढल्या.

स्मिथपाशी मात्र अडलेय. सुटून आलेला कैदी जे सांगतो ते भीतीपोटी वाढवलेलं असू शकतं. हा संशय टिपेत मांडायचा की मजकुरात?

जुनादप्तरी
टिपेत. साधनाबद्दलचा संशय साधनाजवळच राहावा.

चांदणवेल
मुळीच नाही. हात तोडल्याचं वाक्य वर ठामपणे छापायचं आणि संशय बारीक टायपात खाली द्यायचा? बरेच वाचक खाली उतरतच नाहीत. "स्मिथच्या सांगण्यानुसार" एवढं तरी वर हवंच.

जुनादप्तरी
तेवढे शब्द वर घ्या, हरकत नाही. पण सबंध चर्चा वर नेलीत तर लेख सुरतेचा न राहता स्मिथचा होईल.

रेवातीर
दोन्ही प्रकारे लिहून पाहते. अजून ४० टिपा बाकी आहेत.