मदत हवी आहे: बाबांच्या छातीत जेवणानंतर जळजळ, गोळीने पूर्ण थांबत नाही

रानजाई: बाबा ६१ वर्षांचे. ८ वर्षांपासून मधुमेह, बीपीसाठी अम्लोडिपिन चालू. तीन महिन्यांपासून रात्रीच्या जेवणानंतर छातीच्या मध्यभागी जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं. जेवण साडेनऊला, सव्वादहाला आडवे होतात. केमिस्टकडून पॅन्टोप्राझोल ४० आणून जेवणानंतर घेतात. दोन उशा घेऊन झोपले तरी फरक नाही. हल्ली शतपावली करतानाही जळजळतं, म्हणून तीही बंद केलीय. काय करावं?

ताकभात: रात्री थंड दूध प्यायला द्या, लगेच शांत वाटतं. आणि तिखट बंद.

सोनचाफा: पित्तावर आमसुलाचा कोळ उत्तम. अंगाला चोळायचा, खाज तासाभरात बसते. माझं दर पावसाळ्यात उठतं.

रानजाई: ताई, अंगावरचं पित्त नाही हो, छातीतली जळजळ.

सोनचाफा: अगंबाई. मग कोळ प्यायला द्या की!

घाटमाथा: आंबट कोळ तर नकोच, आधीच सोललेल्या जागी तो झोंबेल. दुधाने वाटतं बरं, पण ते अर्धा-पाऊण तासापुरतं. नंतर दूध पचवायला पोट पुन्हा आम्ल सोडतं आणि नेमके तेव्हा बाबा आडवे असतात.

गोळीची वेळ चुकतेय. पॅन्टोप्राझोल आम्ल तयार करणारे पंप बंद करते, पण जे पंप चालू होत असतात तेच. ते चालू होतात जेवायला लागलं की. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी घ्यायची. त्रास रात्रीचा असेल तर रात्रीच्या जेवणाआधी. गोळी चावायची किंवा कुटायची नाही, आणि पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस द्यायचे.

उशांनी मान वाकते, कंबरेत घडी पडते आणि पोटावर दाब उलट वाढतो. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे घाला, म्हणजे अख्खा पलंग उतरता होईल. डाव्या कुशीवर झोपायचं, जठराचं तोंड आम्लाच्या वर राहतं. जेवण साडेसातला झालं तर झोपेपर्यंत पावणेतीन तास मिळतात. अम्लोडिपिनने अन्ननलिकेची खालची झडप थोडी सैल पडू शकते. पण ती गोळी स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता खरा प्रश्न. शतपावलीत जळजळ सुरू होते, ती थांबून उभं राहिल्यावर किती वेळात जाते? जिना चढतानाही होते का, अगदी उपाशीपोटीही?

ताकभात: शतपावलीचा काय संबंध? चालल्याने पोट हलतं, म्हणून ढेकर-जळजळ येते. बाबांना डायजिन दिल्यावर बरं वाटतं का? वाटत असेल तर पित्तच.

घाटमाथा: पोट हलून आंबट वर येतं हे खरं, विशेषतः भरपेट जेवणानंतर वाकलं की. पण डायजिनची परीक्षा फसवी आहे. हृदयाचं दुखणं विश्रांतीने पाच मिनिटांत जातं आणि तेवढ्यात डायजिन प्यायलेली असते, श्रेय तिला मिळतं. जेवल्यावर हृदयाला आधीच जास्त काम असतं, त्यात चालणं. मधुमेहात तर कळ न येता नुसती जळजळ किंवा धाप एवढंच जाणवू शकतं.

रानजाई: आत्ताच विचारलं. दोन मिनिटं थांबलं की जाते म्हणाले. परवा सकाळी दूध आणायला जाताना चढावर पण झालं, तेव्हा काही खाल्लंही नव्हतं. जबड्यातही भरून आल्यासारखं वाटलं. आम्ही दाढ समजलो.

घाटमाथा: मग हे पित्त समजून थांबू नका. उद्या सकाळीच फिजिशियनकडे न्या, तोवर चढ आणि जिना बंद. नुसतं "पित्त होतं" सांगू नका. "चढावर, उपाशीपोटी जळजळ आणि जबडा भरतो, थांबलं की जातं" हेच शब्द सांगा. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी घरी परतायचं नाही, पुढची तपासणी काय ते विचारा. आज रात्री बसल्याजागी जळजळ होऊन पंधरा मिनिटांत गेली नाही, किंवा घाम, धाप, चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता १०८.

रात्री आडवं झाल्यावरची आंबट जळजळ वेगळी असू शकते, दोन्ही दुखणी एकाच वेळी असतात. म्हणून गोळी आणि पलंगाचं सांगितलं ते चालू ठेवा.

ताकभात: बरोबर, माझं चुकलं. आणखी एक: शौचाला काळं होतं का?

घाटमाथा: चांगला प्रश्न. डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं असेल तर आतून रक्त जातंय. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते चिकट नसतं. घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची उलटी यांपैकी काही असेल तर दुर्बीण घालून तपासणी टाळू नये. गुडघ्यासाठी वेदनाशामक घेतात का?

रानजाई: घास अडकत नाही, शौचाचं विचारते. वजन दोन किलो उतरलंय, पण साखरेची गोळी बदलल्यापासून. गुडघ्याची गोळी घेतात, रोज एक.

घाटमाथा: ती आजच थांबवा. पाकीट डॉक्टरांकडे न्या, वजनाचंही सांगा.